रात्रीच्या आंघोळीने बाळ खरंच लवकर झोपतं का?

डॉक्टर, आमचा मुलगा साडेपाच महिन्यांचा आहे. सकाळी मालिशवाल्या मावशी आंघोळ घालून जातात, त्यानंतर तो दोन-अडीच तास गाढ झोपतो. म्हणून सासूबाईंच्या सांगण्यावरून गेले तीन आठवडे आम्ही रात्री साडेआठलाही कोमट पाण्याने आंघोळ घालतोय. पण रात्री उलटंच होतं. टक्क जागा होतो, खेळतो, मग चिडचिड करतो आणि साडेदहाशिवाय झोपत नाही. पाणी किती गरम हवं? वेळ चुकतेय का? आणि आंघोळीने बाळ शांत होतं हे मुळात खरं आहे का?

तुमच्या सासूबाईंचं निरीक्षण चुकलेलं नाही. बाळ सकाळी आंघोळीनंतर झोपतं, हे घराघरांत दिसतं. पण ती झोप एकट्या पाण्याची नसते. तुमच्या सकाळचा क्रम जरा आठवून बघा. बाळ सहा-साडेसहाला उठलेलं असतं. मावशी येईपर्यंत दीड-दोन तास जागं राहून त्याची झोपेची वेळ तशीही होत आलेली असते. मग वीस मिनिटं मालिश, त्यात हातपाय ओढणं, पालथं घालणं. मग आंघोळ, त्यात बहुतेक वेळा थोडं रडणं. मग कोरडं करून, कपड्यात गुंडाळून, खिडकी लावलेल्या खोलीत पोटभर दूध. घरातले सगळे दबक्या आवाजात बोलतात, कारण ‘आता तो झोपणार’ हे ठरलेलं असतं. यातलं फक्त पाणी काढून घ्या आणि बाकी सगळं तसंच ठेवा, बाळ बहुतेक झोपेलच. बाकी सगळं काढून फक्त पाणी ठेवा, तर मात्र शंका आहे. तुम्ही रात्री नेमकं तेच केलंय.

तरीही पाणी काहीच करत नाही असं म्हणणार नाही. झोप लागायच्या आधी माणसाचं शरीर आतून किंचित थंड व्हायला लागतं. ही आतली उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः हातापायांच्या कातडीतून. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तळवे ऊबदार होतात आणि पोटातली-छातीतली ऊब तिथून निघून जाते. १९९९ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी मोठ्या माणसांत दाखवलं की झोपताना पाय जितके ऊबदार, तितकी झोप लवकर लागते. कोमट पाणी याच कामाला थोडा हातभार लावतं. कातडीकडे रक्त येतं आणि पाण्यातून बाहेर आल्यावर ती ऊब निघून जाते. म्हणजे झोप आणते ती आंघोळीनंतरची हलकी थंडावण, आंघोळीतली गरमी नव्हे. हे लक्षात ठेवलं तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतील.

२०१९ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र तपासले. ४० ते ४२.५ अंशांचं पाणी, झोपायच्या एक ते दोन तास आधी, निदान दहा मिनिटं. असं केलं तर झोप सरासरी दहाएक मिनिटं लवकर लागते, असं त्यांना दिसलं. इंटरनेटवर ‘झोपेच्या दीड तास आधी आंघोळ’ हा जो सल्ला फिरतो तो इथला आहे. पण हे आकडे मोठ्या माणसांचे आहेत, बाळाला लावू नका. पहिलं कारण, ते तापमान बाळाच्या कातडीसाठी जास्त आहे. दुसरं, बाळाचं वजन कमी पण त्या मानाने कातडीचा पसारा मोठा, आणि त्यातही डोकं भलं मोठं. त्यामुळे ते लवकर तापतं आणि लवकर गारही पडतं. आपल्याला जी थंडावण यायला दीड तास लागतो, ती बाळाला पाण्यातून काढून पुसेपर्यंत सुरू झालेली असते. दीड तास थांबलात तर तो परिणाम केव्हाच ओसरलेला असतो.

अगदी तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर हा विषय पुढेच जात नाही. पहिले दोन-तीन महिने दिवस-रात्रीचा ठेका शरीरात नीट बसलेला नसतो. रात्री आपोआप शरीराचं तापमान उतरणं त्यानंतर सुरू होतं. त्या वयात संध्याकाळची आंघोळ झोपेसाठी घालण्यात फारसा अर्थ नाही. तुमचा मुलगा साडेपाच महिन्यांचा आहे, म्हणजे प्रश्न योग्य वयात विचारलाय.

आता तुमचं ‘कोमट’. माझ्या सव्वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये या शब्दाने जितका घोळ घातलाय तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दाने घातला असेल. काही वर्षांपूर्वी मी दवाखान्यात येणाऱ्या आयांना घरून पाण्याचं तापमान मोजून आणायला सांगायचो. ‘कोमटच घेतो’ म्हणणाऱ्या घरांतून ३४ पासून ४३ पर्यंत आकडे यायचे. मालिशवाल्या मावशींचा हात सगळ्यात फसवा. वर्षानुवर्षं बंबाच्या, गिझरच्या पाण्यात काम करून त्यांचे तळवे निबर झालेले असतात, ४२ अंशांचं पाणी त्यांना कोमट वाटतं. त्यांचा दोष नाही. शिवाय त्यांची पद्धतही गरम पाणी मागणारी आहे. पायांवर आडवं घेतलेल्या बाळावर तांब्याने पाणी ओतायचं, दोन तांब्यांमध्ये ओलं अंग उघडं राहतं, वाऱ्याने गार पडतं, बाळ कुडकुडतं, म्हणून पुढचा तांब्या आणखी गरम. अशा आंघोळीत बाळाला आळीपाळीने चटका आणि थंडी मिळते. सकाळी, हातात सराव असलेल्या बाईकडून हे निभून जातं. रात्री झोपेच्या आधी मात्र ही उलटसुलट बाळाला जागं करते.

म्हणून रात्री तांब्या-पाट सोडा आणि टब घ्या. छातीपर्यंत पाण्यात बसलेल्या किंवा टेकलेल्या बाळाची ऊब टिकते. बाळाला पाण्यात सोडताना पाणी ३७ ते ३८ अंश असावं, त्याहून वर नाही. कोपर बुडवून बघितलंत तर ते गरमही वाटणार नाही आणि गारही वाटणार नाही. पाणी आहे एवढंच कळेल. ‘छान गरम आहे’ असं कोपराला वाटलं तर ते जास्त आहे. दोन-तीनशे रुपयांचा पाण्याचा थर्मामीटर मिळतो, तो निदान पहिले पंधरा दिवस वापरा, मग कोपराला सवय होते. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर टोकापुरता बुडवूनही अंदाज येतो. जुना पाऱ्याचा काचेचा मात्र बादलीत घालू नका. पाणी जास्त गरम असेल तर तो फुटतो.

एक हिशेब करून दाखवतो, कारण इथे ऋतूप्रमाणे चूक होते. समजा टबात दहा लिटर पाणी हवंय आणि गिझरचं पाणी ६० अंशांचं आहे. डिसेंबरात पुण्यात नळाचं पाणी २० अंशांच्या आसपास असेल, तर साडेचार लिटर गरम आणि साडेपाच लिटर गार मिसळल्यावर ३८ अंश होतात. हाताला ते प्रमाण बसतं: एवढे तांबे गरम, एवढे गार. मग एप्रिल येतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २८ वर गेलेलं असतं. तेच साडेचार आणि साडेपाचचं प्रमाण आता ४२ अंशांच्या वर जातं. कुणी काही बदललेलं नसतं आणि बाळ मात्र अचानक आंघोळीला रडायला लागतं. आई म्हणते, ‘आता त्याला पाण्याची भीती बसली.’ भीती नाही, पाणी तापलंय. एप्रिलमध्ये त्याच दहा लिटरला तीन लिटरच्या जरा वर गरम पाणी पुरतं.

टबात आधी गार ओता, नंतर गरम, मग हाताने तळापर्यंत ढवळा. गरम पाणी वर राहतं आणि वरवर हात लावला की फसगत होते. बाळ टबात असताना गरम पाण्याची भर घालायची नाही, कितीही वाटलं तरी. आणि गरम पाण्याची बादली बाळाच्या, किंवा घरात रांगणारं-चालणारं दुसरं मूल असेल तर त्याच्या, हाताच्या पल्ल्यात ठेवायची नाही. ६० अंशांच्या पाण्याने लहान मुलाची कातडी काही क्षणांत खोलवर भाजते. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि डॉक्टरकडे निघा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. गिझरचा काटा ५० वर उतरवून ठेवता आला तर ही अर्धी काळजी कमी होते.

दहा लिटरचा उघडा टब साध्या खोलीत दहा मिनिटांत दीडएक अंश गार होतो. ३८ ने सुरू केलेली आंघोळ सात मिनिटांत आटोपली तर शेवटी पाणी ३७ च्या आसपास असतं, बाळाच्या अंगाइतकंच. पंधरा मिनिटं बदकं, गाणी, पाणी उडवणं चाललं तर ३६ च्या खाली जातं. आपल्याला ते ऊबदारच वाटतं, पण बाळाचं शरीर ऊब टिकवायला लागतं, हातपायांच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि ज्या कारणासाठी पाण्यात घातलं तेच उलटं होतं. बाहेर काढल्यावर तळवे-तळपाय गार, कातडीवर जांभळट जाळी दिसत असेल तर आंघोळ लांबली किंवा खोली गार होती. अंग लालबुंद, कपाळ-मानेवर घाम असेल तर पाणी गरम होतं. दोन्ही वेळा बाळ जागंच राहणार.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकली ती वेळ. बाळ संध्याकाळची शेवटची डुलकी कधी काढतं हे तुम्ही लिहिलं नाहीये, पण या वयाची बहुतेक बाळं पाच-साडेपाचला उठतात. साडेपाच महिन्यांचं बाळ दोन-सव्वादोन तास आनंदात जागं राहतं. साडेपाचला उठलेल्याची झोपेची वेळ पावणेआठच्या सुमाराला येते. तुम्ही त्याला साडेआठला पाण्यात घालता, म्हणजे तो तोपर्यंत पाऊण तास ताणून जागा असतो. असं थकून गेलेलं बाळ सुस्तावत नाही, उलट चेकाळतं. जागं राहण्यासाठी शरीरच त्याला ढकलत असतं. त्यात प्रखर ट्यूबलाइट, बाथरूममध्ये घुमणारा आवाज, कपडे काढणं-घालणं, तीन माणसांची लगबग. ‘टक्क जागा होतो, खेळतो, मग चिडचिड’ हे तुम्ही लिहिलंय, ते थकव्याचंच चित्र आहे. वर त्यानंतर दूध, मग आजोबांकडे थोडा वेळ, असं करत साडेदहा होतात.

वेळ उलटीकडून मोजा. शेवटची डुलकी संपल्यापासून साधारण सव्वादोन तासांनी दिवा बंद व्हायला हवा. त्याच्या पाऊण तास आधी आंघोळ सुरू करायची. साडेपाचला उठला असेल तर पावणेसातच्या पुढे तयारी, सातला पाण्यात, सात मिनिटांत बाहेर, सव्वासातपर्यंत कपडे, मग अंधारलेल्या खोलीत दूध आणि पावणेआठला दिवा बंद. आंघोळ संपल्यापासून दिवा बंद होईपर्यंत अर्धा-पाऊण तास, याहून लांबवू नका. पोटभर दूध पाजून लगेच आंघोळ घातली तर दूध वर येतं, त्यामुळे मधे अर्धा-पाऊण तास हवा. पण कडकडून भूक लागलेलं बाळही पाण्यात शांत राहत नाही. म्हणून सहाच्या सुमाराला थोडं पाजायचं आणि मुख्य दूध आंघोळीनंतर.

तुम्ही म्हणाल, बाळाचे बाबाच साडेआठला घरी येतात, पावणेआठला झोपवलं तर भेटणार कधी? हा प्रश्न मला रोज येतो आणि त्यावर मी कुणाला ओरडत नाही. आपल्याकडे बाळं उशिरा झोपतात, घरं तशी चालतात. पण मग डुलकीही तशी सरकवा. सात-सव्वासातपर्यंत अर्ध्या तासाची एक डुलकी होऊ द्या, म्हणजे साडेआठची आंघोळ आणि सव्वानऊचा दिवा बंद चालून जाईल. घड्याळात किती वाजलेत याला महत्त्व कमी, बाळ किती वेळ जागं आहे याला जास्त.

आता शेवटचा प्रश्न, आंघोळीने शांत होतं का. २००९ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जोडी मिंडेल यांच्या गटाने ४०५ आया आणि मुलांवर एक अभ्यास केला. मुलं सात महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची. पहिला आठवडा नेहमीसारखा, पुढचे दोन आठवडे रोज रात्री आंघोळ, हलकी मालिश, मग अंगाईसारखं काही शांत आणि आंघोळीनंतर अर्ध्या तासात दिवा बंद. मुलं लवकर झोपू लागली, रात्री उठणं कमी झालं, आयांचा मूडही सुधारला. लोक हा अभ्यास ‘आंघोळीने झोप येते’ म्हणून सांगतात. त्यात तपासला गेला तो पूर्ण क्रम, एकटी आंघोळ नव्हे. आणि अभ्यासाला पैसा बाळांचा शाम्पू-लोशन विकणाऱ्या कंपनीचा होता, तेही लक्षात असू द्या. निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण आंघोळ त्या क्रमात पहिली का आली असेल, हे समजतं.

माझ्याकडचं एक उदाहरण सांगतो. नाशिकची सात महिन्यांची मुलगी, डिसेंबर महिना, तक्रार तुमचीच. तिच्या वडिलांना आकड्यांची आवड, म्हणून मी त्यांनाच वही ठेवायला सांगितली. पहिल्या आठवड्याची नोंद अशी: आंघोळ आठ चाळीसला, पाणी ४१ अंशांच्या वर, वेळ चौदा मिनिटं, बाथरूमचं दार उघडं कारण आजी बाहेरून टॉवेल देणार. बाहेर काढल्यावर झबलं, त्यावर स्वेटर, टोपडं, मोजे, वर दुलई. दूध सव्वानऊला. झोप सरासरी दहा वीसला.

आम्ही आधी पाण्याला हात घातला. ३८ अंश, सात मिनिटं, दार बंद, टॉवेल आतच. स्वेटर-टोपडं बंद, कारण आंघोळीनंतरची ऊब बाहेर जायलाच हवी, आणि आपण तिला लोकरीत कोंडून ठेवत होतो. एक सुती झबलं, वर एक पातळ पांघरुणासारखा अंगात घालायचा कपडा, डोकं उघडं. तीन रात्रींत झोप दहा वाजण्याच्या जरा आत आली. फरक होता, पण थोडा. मग वेळ बदलली: आंघोळ सात वीसला, दूध पावणेआठला, दिवा बंद आठ दहाला. पाचव्या रात्रीपासून ती साडेआठच्या आसपास झोपू लागली.

घरच्यांनी आंघोळीला श्रेय दिलं. म्हणून मी त्यांना तीन रात्री आंघोळ बंद करायला सांगितली. बाकी सगळं तेच: त्याच वेळेला त्याच खोलीत, कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने चेहरा, हात, पाय आणि लंगोटाची जागा पुसायची, तेच कपडे, तीच अंगाई, तेच दूध. तिन्ही रात्री ती साडेआठच्या पाच-दहा मिनिटं मागेपुढे झोपली. त्यानंतर दोन रात्री उलटं केलं. आंघोळ वेळेवर, पाणी ३८ चंच, पण आंघोळीनंतर तिला हॉलमध्ये नेली, टीव्ही चालू, आजोबांच्या मांडीवर खेळ. दोन्ही रात्री साडेनऊ वाजले. एका मुलीवरून नियम होत नाही, पण त्यानंतर मी अनेक घरांना हीच अदलाबदल करायला लावली आणि बहुतेकांना हेच दिसलं. पाण्याचा वाटा थोडा असतो. वेळेचा आणि आंघोळीनंतरच्या अर्ध्या तासाचा वाटा मोठा असतो. आंघोळ उपयोगी पडते ती ‘आता दिवस संपला’ ही खूण म्हणून, आणि ती खूण अशी की घरातल्या मोठ्यांनाही टाळता येत नाही. एकदा बाळाला पाण्यातून काढलं की सगळ्यांना आपोआप पुढचं करावंच लागतं.

काही बाळं मात्र याला अपवाद असतात. त्यांना पाणी म्हणजे खेळ. पाण्यात पाय आपटून खिदळणारं बाळ आनंदात असतं, पण सुस्तावलेलं नसतं. शांत झालेल्या बाळाच्या मुठी उघडतात, खांदे सैल पडतात, श्वास संथ होतो, ते तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहतं. ताण आलेलं बाळ बोटं फाकवतं, पाठ कमान करतं, नजर फिरवतं, उचक्या देतं. तीन-चार रात्री लक्ष देऊन बघा, तुमचा मुलगा कुठल्या गटात आहे ते कळेल. खिदळणाऱ्या गटात असेल तर त्याची रात्रीची आंघोळ सोडून द्या आणि कापडाने पुसण्यावर भागवा. सकाळची मावशींची आंघोळ पुरेशी आहे.

आणि एक गोष्ट जरा कडक शब्दांत. आंघोळीत खूप रडून मग लगेच गळून झोपणं म्हणजे शांत होणं नव्हे, ते थकणं आहे. याहून वाईट म्हणजे गॅस गिझर असलेल्या, खिडकी बंद केलेल्या बाथरूममध्ये बाळाला येणारी सुस्ती. तिथे जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि बाळ फक्त निपचित, झोपाळू दिसतं. शेजारी बसलेल्या आईचंही डोकं जड होतं, मळमळतं. या विषारी वायूने आपल्याकडे बाथरूममध्ये माणसं दगावली आहेत, फिट आल्या आहेत. थंडीत वाफ टिकावी म्हणून दार-खिडकी लावून घेतात, तेव्हाच धोका जास्त. तुमच्याकडे गॅस गिझर असेल तर गिझर आंघोळीच्या जागेबाहेर मोकळ्या हवेत हवा. तोवर पाणी बादलीत काढून, गिझर बंद करून, बाळाची आंघोळ दुसऱ्या खोलीत टबात घाला. आंघोळीनंतर बाळ हाक मारूनही नीट डोळे उघडत नसेल, तर आधी मोकळ्या हवेत न्या आणि थेट हॉस्पिटल गाठा.

मावशींची सकाळची आणि तुमची रात्रीची अशा दोन आंघोळी ठेवणार असाल, तर साबण किंवा डाळीचं पीठ एकाच वेळी, सकाळी. रात्री नुसतं पाणी. दोनदा साबण लावलेली कातडी कोरडी पडून खाजते आणि त्या खाजेने बाळ रात्री उठतं. डोकंही सकाळीच धुवा. ओल्या डोक्याने सर्दी होते असं म्हणतात ते खरं नाही, सर्दी विषाणूंनी होते. पण ओलं मोठं डोकं बाळाचं अंग भराभर गार करतं, आणि रात्री आपल्याला हवी आहे ती हलकी थंडावण, कुडकुडणं नव्हे. मालिश रात्री करायचीच असेल तर ती आंघोळीनंतर करा, आधी नको. तेल लावलेलं साडेपाच महिन्यांचं बाळ टबात साबणाच्या वडीसारखं निसटतं. चार थेंब खोबरेल, तळपाय आणि पोटऱ्या, दोन-तीन मिनिटं, दूध सुरू करण्याआधी. टबाजवळून क्षणभरही हलू नका. फोन वाजला, दारावरची बेल वाजली तर बाळाला उचलून बरोबर न्या. चार बोटं पाण्यातही बाळ बुडतं.

आजपासून वही ठेवा. रोज चारच नोंदी: शेवटची डुलकी कधी संपली, पाणी किती अंश होतं, पाण्यातून कधी काढलं, झोप कधी लागली. पहिले पाच दिवस फक्त वेळ आणि पाणी बदला, पुढच्या तीन रात्री आंघोळ सोडून नुसतं पुसा. त्या तीन रात्रीही तो वेळेवर झोपला, तर सासूबाईंना वही दाखवा आणि रात्रीची आंघोळ ठेवायची की नाही हे त्यांच्या-तुमच्या सोयीने ठरवा. वेळ आणि पाणी दोन्ही सुधारूनही दहा दिवसांत काहीच फरक पडला नाही, तर ती वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. अशा वेळी मी आधी बाळाचं वजन, नाक चोंदतंय का, दूध पिताना अस्वस्थ होतं का आणि रात्री किती वेळा दूध मागतं हे बघतो.